असीरगडाच्या छावणीतल्या जन्मकथा

इ.स. १६०० च्या वसंतात अकबर बादशहा बऱ्हाणपुरात येऊन उतरला. तापीकाठचं हे शहर फारुकी सुलतानांनी वसवलं होतं. खुलताबादेत चिरनिद्रा घेणाऱ्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं होतं. दख्खनकडे जाताना संत या घाटावर थांबले आणि इथे एक मोठं नगर उभं राहील असं बोलून गेले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे शहराचा जन्मसुद्धा आधी भाकीत झालेला! फारुकींचा शेवटचा सुलतान बहादूर मात्र शहर सोडून उत्तरेला वीसेक किलोमीटरवरच्या असीरगडावर जाऊन बसला होता. किल्ला हाती यायला जानेवारी १६०१ उजाडला. त्या नऊ-दहा महिन्यांच्या वेढ्यात बादशाही छावणीत दोन लेखक हजर होते. एक अबुल फजल, ‘अकबरनामा’चा कर्ता. दुसरा जेरोम झेवियर, गोव्याहून मुघल दरबारी आलेला येशूसंघाचा पाद्री. पहिल्यानं आपल्या ग्रंथात बादशहाच्या एका आदिमातेला प्रकाशापासून गर्भ राहिल्याची हकिगत लिहून ठेवली होती. दुसरा दोनच वर्षांनी, १६०२ मध्ये, कुमारी मरियमच्या पोटी झालेल्या येशूचं चरित्र फारसीत लिहून बादशहाला अर्पण करणार होता. आणि ज्या डोंगराला तोफा लावल्या होत्या, तो डोंगर आज निमाड-खानदेशातली माणसं द्रोणपुत्र अश्वत्थाम्याचा म्हणून ओळखतात. अश्वत्थाम्याचा बाप भांड्यातून जन्मलेला, आई बोरूच्या बेटात सापडलेली. अद्भुत जन्माच्या तीन परंपरा एका गडाशी अशा येऊन भिडल्या आहेत. त्या तिथवर कोणकोणत्या वाटांनी आल्या, हे आपण जरा सवडीनं पाहू.

सुरुवात अंड्यापासून करावी लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हिरण्यगर्भ सूक्त विश्वाच्या आरंभी सोन्याचा गर्भ कल्पतं. छांदोग्य उपनिषद त्याचं चक्क अंडं करतं: वर्षभर ते तसंच पडून राहतं, मग फुटतं, चांदीचं कवच पृथ्वी होतं, सोन्याचं आकाश, आणि आतून सूर्य निघतो. त्याच दहाव्या मंडलात अदितीचा आठवा मुलगा मार्तांड आहे. सात मुलांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठव्याला तिनं टाकून दिलं, मग जन्म-मरणाचं चक्र चालावं म्हणून परत आणलं. अंड्यातून जन्म आणि टाकून दिलेलं मूल या दोन कल्पना इतक्या जुन्या काळापासून शेजारी नांदत आल्या आहेत. ग्रीकांकडे लीडाच्या अंड्यातून हेलन आली आणि तिच्यापायी ट्रॉय जळालं. कोरियात जुमोंग हा राज्यसंस्थापक अंड्यातून निघाला, असं तिथला ११४५ चा इतिहासग्रंथ सांगतो. आपल्याला मात्र महाभारतातली विनता अधिक जवळची. तिच्या दोन अंड्यांना पाचशे वर्षं उलटली तरी ती फुटेनात. सवतीची हजार अंडी फुटून नाग वळवळू लागलेले. विनतेला धीर धरवेना, तिनं एक अंडं फोडलं. आत अर्धवट घडलेला अरुण होता, वरचा भाग पुरा आणि खालचा अपुरा. त्यानं आईलाच शाप दिला: ज्या सवतीच्या ईर्ष्येनं हे केलंस, तिचीच तू पाचशे वर्षं दासी होशील, दुसरं अंडं फोडलं नाहीस तर त्यातला मुलगा तुला सोडवील. तो मुलगा म्हणजे गरुड. जन्माची वेळ ही नियतीनं ठरवलेली गोष्ट असून तिच्यात माणसानं हात घातला की किंमत मोजावी लागते, ही समजूत इथे पहिल्यांदा कथारूप होते. पुढे उमरकोटच्या वाळवंटात हीच समजूत पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

अंड्याचा घट केव्हा झाला हे नेमकं सांगता येत नाही, पण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातच वसिष्ठ आणि अगस्त्य कुंभातून जन्मलेले दिसतात. मित्र आणि वरुण, समोर उर्वशी, आणि रेत घटात. महाभारतानं हा घट उचलला आणि घराघरांत ठेवला. गांधारीला लोखंडासारखा कठीण मांसाचा गोळा झाला, त्याचे तुकडे तुपाच्या घटांत घातले, त्यातून शंभर कौरव आणि दुःशला. भरद्वाज ऋषीनं घृताचीला पाहिलं आणि त्याचं स्खलित रेत यज्ञपात्रात, म्हणजे द्रोणात, ठेवलं, त्यातून द्रोण. शरद्वान नावाचा धनुर्विद्येत रमलेला ऋषी इंद्रानं पाठवलेल्या जानपदीमुळे विचलित झाला. त्याचं रेत बोरूच्या बेटावर पडून दुभंगलं आणि एक मुलगा, एक मुलगी झाली. शिकारीला निघालेल्या शंतनूच्या सैनिकाला ती सापडली. राजानं कृपेनं वाढवली म्हणून कृप आणि कृपी. द्रोणाचं लग्न या कृपीशी झालं. म्हणजे अश्वत्थाम्याच्या मागे आई-बाप दोघेही अयोनिज, आजीचा गर्भ कोणत्याच बाजूला नाही. आणि तो स्वतः जन्मला तेव्हा रडला नाही, उच्चैःश्रव्यासारखा खिंकाळला. मस्तकावर मणी, ज्याच्या बळावर भूक, रोग, शस्त्र कशाचंच भय नाही.

इतक्या अद्भुतांचं फळ काय मिळालं, हे व्यासांनी मोठ्या निष्ठुरपणे सांगितलं आहे. या मुलाला दूध मिळत नव्हतं. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून तो रडू लागला, तेव्हा सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून दिलं, आणि दूध प्यालो म्हणून तो नाचला. घटातून जन्मलेला, शस्त्रविद्येत अजोड असलेला बाप मुलासाठी एक गाय मिळवू शकला नाही. या अपमानानं द्रोण जुन्या सोबत्याकडे, द्रुपदाकडे गेला. द्रुपदानं राजाची आणि दरिद्री ब्राह्मणाची मैत्री कसली, असं म्हणून झिडकारलं. शिष्यांकडून द्रोणानं त्याचं अर्धं राज्य जिंकून घेतलं. मग द्रुपदानं यज्ञ मांडला तो द्रोणाला मारणारा पुत्र मिळावा म्हणून. अग्नीतून धृष्टद्युम्न निघाला तो कवच, खड्ग, धनुष्यासकट, आणि हा द्रोणाचा वध करील अशी आकाशवाणीही झाली. घटातून आलेल्याला मारायला अग्नीतून आलेला. विलक्षण गोष्ट अशी की द्रोणानं हे सारं माहीत असून धृष्टद्युम्नाला आपल्याकडे ठेवून अस्त्रविद्या शिकवली. विधिलिखित टळत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. अद्भुत जन्म म्हणजे थोरवीचा दाखला, असं आपण सहज धरून चालतो. महाभारताचं मत तसं दिसत नाही. तिथे असा जन्म म्हणजे कुणाच्या तरी मरणाची नेमणूक असते.

या घराण्याचा शेवट ज्या रात्री झाला, तीही जन्माशीच बांधलेली आहे. बापाच्या वधाचा सूड म्हणून अश्वत्थाम्यानं झोपलेल्या छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारलं. पांडव मागावर आले तेव्हा त्यानं गवताची एक काडी उचलून ब्रह्मशिर अस्त्र मंत्रलं. आई बोरूतून जन्मलेली, आणि मुलाचं शेवटचं अस्त्र गवताच्या काडीचं. हा दुवा व्यासांनी मुद्दाम घातला असावा असं मला नेहमी वाटत आलं आहे. अस्त्र परत घेणं त्याला जमेना, तेव्हा त्यानं ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. ज्याच्या कुळात आई-बाप गर्भाशिवाय जन्मले, त्यानं गर्भावरच घाव घातला. कृष्णानं शाप दिला: तीन हजार वर्षं रक्तपुवाच्या दुर्गंधीनं माखलेला, कुणाशी न बोलता, निर्जन प्रदेशांतून भटकशील. मणी काढून घेतला गेला. उत्तरेला मूल झालं ते निष्प्राण. कृष्णानं आपल्या सत्याची आण घालून त्याला जिवंत केलं, तो परीक्षित. या भटकंतीची एक जागा म्हणून लोकांनी असीरगड नेमला. गडावरच्या शिवमंदिरात पहाटे कुणी येण्याआधी पिंडीवर ताजं फूल वाहिलेलं असतं आणि ते अश्वत्थामा वाहतो, असं सांगतात. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल-हळद मागतो, हेही सांगतात. तीन हजार वर्षांची मुदत लोकांनी वाढवून चिरंजीवपद केली, हा त्यांचा अधिकार.

महाभारतातच आपल्याला कुमारीमातेची गोष्ट सापडते, पण तिचा सूर निराळा आहे. कुंतीनं दुर्वासाच्या मंत्राची परीक्षा घेतली, सूर्य आला, कौमार्य अबाधित राहील असा वर देऊन गेला, आणि कवचकुंडलांसह कर्ण झाला. वर असूनही कुंतीनं कुणाला काही सांगितलं नाही. पेटी अश्वनदीत सोडली, ती चर्मण्वतीत, म्हणजे आजच्या चंबळेत, तिथून यमुनेत, गंगेत आणि चंपानगरीला अधिरथ-राधेच्या हाती. इथे चमत्कार खरा, पण साक्षीदार नाही. आणि साक्षीदार नसला की सूर्याचा मुलगाही सूतपुत्रच राहतो. मला वाटतं, या साऱ्या कथांचं मर्म इथेच आहे. कुमारीजन्माच्या गोष्टीत नेहमी कुणीतरी संशय घेणारा असतो, आणि कथा त्या संशयाला उत्तर म्हणून रचलेली असते. कुंतीनं उत्तर दिलंच नाही, म्हणून कर्णाला हक्क मिळाला नाही. ज्या मातांनी उत्तर दिलं, किंवा ज्यांच्या वतीनं दुसऱ्यांनी ते दिलं, त्यांच्या मुलांना राज्यं आणि धर्म मिळाले.

मरियमची कथा या दृष्टीनं पाहिली की तिच्यातली फिर्याद ठळक दिसते. मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफ तिला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात असतो, तेव्हा देवदूत स्वप्नात येऊन त्याचं समाधान करतो. दुसऱ्या शतकात याकोबाच्या नावावर एक ग्रंथ तयार झाला. त्यात मरियमच्या स्वतःच्या जन्माची, तिच्या देवळातल्या बालपणाची आणि दाईनं केलेल्या खात्रीची कथा वाढवली गेली, कारण विरोधकांचे आक्षेपही वाढले होते. कुराणातल्या एकोणिसाव्या सुऱ्याला मरियमचंच नाव आहे. ती खजुराच्या बुंध्याला टेकून एकटी बाळंत होते, मूल घेऊन आपल्या माणसांत येते, आणि माणसं तिला बोल लावतात. तेव्हा पाळण्यातलं मूलच बोलू लागतं. तिसऱ्या सुऱ्यात एक युक्तिवाद येतो: ईसाचं उदाहरण आदमसारखं आहे, त्याला मातीपासून घडवलं. म्हणजे आई-बाप दोन्ही नसलेला आदम मान्य असेल, तर बाप नसलेला ईसा का नको? हा युक्तिवाद ध्यानात ठेवावा. तो पुढे मंगोलांच्या मदतीला येणार आहे.

मंगोलांचा इतिहास ‘गुप्त इतिहास’ या नावानं तेराव्या शतकात लिहिला गेला. त्यात चंगीझखानाची पूर्वज आलान-गोआ हिची हकिगत आहे. तिचा नवरा वारला, आणि त्यानंतर तिला तीन मुलगे झाले. नवऱ्यापासून झालेले दोन थोरले आईच्या पाठीमागे कुजबुजू लागले: घरात पुरुष म्हणावा तर एक नोकर तेवढा आहे. आईला ते कळलं. तिनं सुकवलेलं मेंढीचं मांस शिजवलं, पाचही मुलांना ओळीनं बसवलं, एकेकाच्या हाती एकेक बाण देऊन मोडायला सांगितला. तो मोडला. मग पाच बाणांची जुडी दिली, ती कुणालाच मोडेना. आणि मग तिनं सांगितलं की रोज रात्री तंबूच्या धुराड्यातून एक तेजस्वी पिवळा पुरुष आत येई, त्याचा प्रकाश तिच्या पोटात शिरे, आणि जाताना तो चंद्रसूर्याच्या किरणांवरून पिवळ्या कुत्र्यासारखा सरपटत निघून जाई. ही मुलं आकाशाची आहेत. ती राजे होतील तेव्हा सामान्यांना कळेल. कथेत संशय, नोकराचं नाव, आणि उत्तर, तिन्ही एकाच बैठकीत येतात, आणि उत्तराची साक्ष भविष्यावर सोडलेली असते. तिच्या सर्वांत धाकट्या मुलाच्या, बोदोनचारच्या वंशात चंगीझ झाला. तो उजव्या मुठीत रक्ताची गुठळी धरून जन्मला. इथेही जन्माच्या खुणेत राज्य आणि रक्तपात एकत्रच आहेत.

या कथेचं पुढचं स्थित्यंतर समरकंदला तैमूरच्या थडग्यावर पाहायला मिळतं. नातू उलुघ बेगनं मोगलिस्तानच्या मोहिमेहून आणलेली गडद हिरव्या जेडची शिळा तिथे १४२५ मध्ये बसवली. तिच्यावर तैमूरची वंशावळ आलान-गोआपर्यंत नेली आहे. ती पतिता नव्हती असं आवर्जून नोंदवलं आहे, आणि दारातून आलेला तो प्रकाशपुरुष म्हणजे हजरत अलींच्या वंशातला एक होता, असंही म्हटलं आहे. पिवळ्या कुत्र्याला मुसलमान वंशावळीत जागा नव्हती, म्हणून त्याच्या जागी अलींचा वंशज आला. तिथून फार वर्षांनी अबुल फजलनं ही कथा हाती घेतली तेव्हा त्यानं कुत्रा, नोकर आणि पुरुष हे तिन्ही काढून टाकले. उरला तो निव्वळ प्रकाश, जो निजलेल्या आलानकुवाच्या मुखातून आत गेला. संशयी वाचकाला त्यानं मरियमचा दाखला दिला, आणि आदमचा जुना युक्तिवाद पुढे केला: जे आई-बापाविना आदम मानतात त्यांना बापाविना मूल मानायला अडचण कसली? शिवाय त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. तो प्रकाश आलानकुवाच्या वंशातून पिढ्यान्‌पिढ्या झाकलेला राहत चालला होता, आणि अकबराच्या जन्मात तो प्रकट झाला, असं त्याचं प्रतिपादन. चंगीझ आणि तैमूर हे वाटेतले वाहक ठरले. गर्भवती हमीदा बानूच्या कपाळावर लोकांना तेज दिसे, असंही तो लिहितो.

त्याच ग्रंथात उमरकोटच्या जन्मरात्रीचा एक प्रसंग आहे, आणि तो मला प्रकाशाच्या साऱ्या तत्त्वज्ञानापेक्षा मोलाचा वाटतो. ऑक्टोबर १५४२. हुमायून राज्य गमावून सिंधच्या वाळवंटात भटकतो आहे, आणि हमीदा बानूला उमरकोटच्या किल्ल्यात कळा सुरू झाल्या आहेत. मौलाना चांद नावाचा ज्योतिषी घड्याळ लावून बसलेला. तो एकाएकी अस्वस्थ झाला, कारण ती घटका अशुभ होती. थोडा वेळ लांबलं तर हजार वर्षांत एकदा येणारा मुहूर्त साधणार होता. पण कळा काय मुहूर्त पाहून थांबतात? इतक्यात एक गावठी, दिसायला कुरूप दाई आत आली, आणि तिला पाहून हमीदा बानूला इतका वीट आला की कळा थांबल्या आणि तिला झोप लागली. आता ज्योतिष्याला उलटी काळजी: मुहूर्त निघून जाईल! शेवटी नेमकी घटका आली तेव्हा तिला उठवा म्हणून त्यानं हट्ट धरला, पण कुणाची छाती होईना; ती आपोआप जागी झाली आणि अकबर जन्मला. यानंतर अबुल फजल बाळाच्या कुंडल्या मांडून त्यांचा सविस्तर ऊहापोह करतो. प्रकाशाचा चमत्कार आदिमातेकडे ठेवला, आणि बादशहाच्या स्वतःच्या जन्माला ग्रहांचा चमत्कार दिला. विनतेनं अंडं फोडायची घाई केली तिथे नियती रुसली; इथे एका अनाम दाईनं नकळत प्रसूती लांबवली आणि नियती प्रसन्न झाली, अशी ही जुळणी आहे.

आता आपण पुन्हा असीरगडाच्या पायथ्याशी येऊ. झेवियर आणि त्याचा सोबती बेंतो द गोइश यांना या छावणीत जो श्रोतृवर्ग मिळाला, त्याला कुमारीजन्म नवा नव्हताच. कुराणात तो होता आणि बादशहाच्या घराण्यातही होता. पाद्र्यांची अडचण वेगळी होती. ज्या घटनेला ते एकमेव मानत, तिचा दाखला दरबारात आधीच दुसऱ्याच कामाला लावलेला होता. अबुल फजल त्याच वेढ्यात असीरगडच्या बाहेरच्या मालई या उपदुर्गावरच्या हल्ल्यात होता. लेखणीइतकीच तलवारही त्यानं तिथे चालवली. महाभारताच्या फारसी अनुवादाला, ‘रज्मनामा’ला, १५८७ मध्ये प्रस्तावना त्यानंच लिहिली होती, तेव्हा द्रोणाचं पात्र आणि अश्वत्थाम्याची खिंकाळी त्याच्या परिचयाची होती. त्याच्या स्वतःच्या कुंडलीत काय होतं कोण जाणे. ऑगस्ट १६०२ मध्ये दख्खनहून परतताना वीरसिंह बुंदेल्यानं त्याला वाटेत मारलं. किल्ला पडल्यावर बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेख कोरला गेला. त्याच मशिदीत दहा-अकरा वर्षांपूर्वीचा, शके १५११ चा, फारुकी सुलतान आदिलशहानं कोरवलेला संस्कृत शिलालेख आहे. त्यात ईश्वराला वंदन, फारुकींची वंशावळ, आणि मशिदीच्या उभारणीची तिथी-नक्षत्रासह काळवेळ आहे. वंश आणि मुहूर्त यांवाचून सत्ता आपली ओळख सांगू शकत नाही, मग ती देवनागरीत सांगो की अरबीत.

तीस वर्षांनी हेच शहर शाहजहानची छावणी झालं. शाहजहाननं स्वतःला ‘साहिब-इ-किरान-इ-सानी’ म्हणवलं, म्हणजे ग्रहयुतीचा दुसरा स्वामी; पहिला तैमूर. प्रकाश आणि अलींचा वंशज मागे पडून आता फक्त ग्रहांची युती बिरुदात उरली होती. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल इथे चौदाव्या बाळंतपणात गेली. मुलगी गौहर-आरा जगली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत मुमताजला तात्पुरतं ठेवलं, डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. चौदांपैकी सात मुलं तेवढी जगली होती. नंतरच्या लोकप्रिय कथनांत या प्रसंगालाही अद्भुताचं पुट चढलं: जन्माआधी मूल पोटात रडलं, आणि ते आईच्या मृत्यूचं चिन्ह मानलं गेलं. राजपुत्राच्या जन्मात अद्भुत म्हणजे सिंहासन, राजकन्येच्या जन्मात अद्भुत म्हणजे अपशकुन. बाळंतपणात बाई का दगावली, याचं उत्तर ग्रहांनी दिलं नाही आणि दरबारानं मागितलंही नाही.

मराठी मुलखात मात्र अद्भुत जन्मानं राजघराण्यांच्या बाहेर वेगळंच बिऱ्हाड केलं होतं. धुंडीसुत मालू यांनी १८१९ मध्ये पूर्ण केलेलं ‘नवनाथ भक्तिसार’ आजही आपल्या घरांतून पारायणाला बसतं. त्यात मच्छिंद्र माशाच्या पोटातून, कानिफनाथ हत्तीच्या कानातून, जालंदर यज्ञकुंडातून, रेवणनाथ रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, वाळवंटातून येतो. ती नर्मदा असीरगडापासून फार दूर नाही. पण मला सर्वांत आवडतो तो गोरक्षाचा जन्म. मच्छिंद्रानं मूल व्हावं म्हणून एका बाईला भस्म दिलं. तिनं शेजारणींच्या थट्टेला भिऊन ते उकिरड्यात टाकलं. बारा वर्षांनी गुरू परत आला, उकिरड्याशी उभं राहून हाक मारली, आणि आतून मुलानं ओ दिली. इथे संशय चमत्कारानंतर येत नाही, आधीच येतो. बाईचा विश्वास बसत नाही आणि तरी मूल होतं. पुढे गोरक्ष मुलांबरोबर चिखलाचा बाहुला करताना संजीवनी मंत्र म्हणतो आणि गहिनीनाथ उभा राहतो. याच गहिनीकडून निवृत्तीनाथांना दीक्षा मिळाली, निवृत्तींकडून ज्ञानदेवांना. आणि ही भावंडं तर संन्यासी बापाची मुलं म्हणून वाळीत पडलेली, ज्यांच्या मुंजीसाठी पैठणला शुद्धिपत्र मागावं लागलं. गुरुपरंपरा चिखलातून आणि उकिरड्यातून निघालेली, आणि शिष्यांच्या जन्माची मात्र ब्रह्मसभेपुढे चौकशी. नाथांच्या कथा ज्यांनी रचल्या त्यांना हा विरोध दिसत नसेल असं वाटत नाही. जन्मावरून माणूस नाकारणाऱ्या जगाला, आमच्या गुरूंना योनीच नाही तर कुळ कुठून विचारणार, असा तो टोला असावा. नामदेव भीमेत वाहत आलेल्या शिंपल्यात दामाशेटींना सापडले, ही महिपतींच्या ‘भक्तिविजया’तली कथाही याच पठडीतली.

या साऱ्या रस्त्याचं एक टोक पुन्हा बऱ्हाणपुरातच येतं, हा योगायोग की काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. कबीरांच्या जन्माच्या दोन गोष्टी प्रचलित आहेत. एकीत काशीच्या लहरतारा तळ्यात कमळाच्या पानावर प्रकाशरूप बालक उतरलं आणि नीरू-नीमा या विणकर जोडप्यानं ते घरी नेलं. दुसरीत रामानंदांनी न ओळखता पुत्रवती हो म्हटलेल्या ब्राह्मण विधवेनं लोकलाजेनं मूल सोडून दिलं. दुसऱ्या गोष्टीतला संशय पहिलीत प्रकाशानं धुऊन काढला आहे, आणि दोन्हींत मुसलमान विणकराच्या घरी जन्मलेल्या माणसाला त्या घराबाहेरचा उगम शोधून दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तापीच्या नागझिरी घाटावरच्या कबीरपंथी पीठाचे पूरण साहेब यांनी ‘बीजका’वर ‘त्रिज्या’ नावाची टीका लिहिली. ‘पारख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाखेला जिवाबाहेरचा कर्ता ईश्वर मान्य नाही, म्हणून अवतारही मान्य नाही. साहजिकच लहरताऱ्याच्या कमळाला तिच्या लेखी वजन उरत नाही. पारखून घ्यायचं ते कबीरांचं वचन. पंथाच्या दुसऱ्या, धर्मदासी शाखेत मात्र कबीर सत्पुरुषाचा अवतार म्हणून कमळावर उतरतातच. बऱ्हाणपूर स्वतः विणकरांचं शहर. मुघल काळात इथली मलमल आणि जरी दूरदेशी जाई, आणि यंत्रमाग आजही गल्ल्यागल्ल्यांतून चालतात. कमळाच्या पानाबद्दल दोन शाखांचं पटत नाही, पण नीरू-नीमाचं घर दोघींनाही मान्य आहे.